मंत्र्यापर्यंत काय पोचते? : राज्यकर्ते, कायम नोकरशाही आणि माहितीची दरी

झाशी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात नळाला पाणी येते की नाही, हे लखनौतल्या मंत्र्याला कळते ते कसे? तो स्वतः गावोगाव फिरू शकत नाही. त्याच्यासमोर पडद्यावर एक आकडा असतो, बैठकीत सचिवांचे सादरीकरण असते आणि टेबलावर टिपणी लिहिलेली फाईल असते. आकडा, सादरीकरण आणि टिपणी या तिन्ही गोष्टी त्याच्याच खात्याने तयार केलेल्या असतात. ज्या कामाबद्दल त्याने खात्याला जाब विचारायचा, त्या कामाची हकीकतही त्याला खातेच सांगते.

अर्थशास्त्रात आणि राज्यशास्त्रात हा प्रश्न 'प्रिन्सिपल-एजंट' या नावाने ओळखला जातो. एक जण काम सोपवतो, दुसरा ते करतो. दोघांची उद्दिष्टे तंतोतंत जुळत नाहीत आणि करणाऱ्याला सोपवणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मंत्री पाच वर्षांसाठी येतो, अधिकारी तीस-पस्तीस वर्षे राहतो. मग लोकांनी निवडून दिलेल्याचा ताबा कितपत खरा असतो? गेल्या अर्धशतकात या प्रश्नावर भरपूर अभ्यास झाला आहे. त्यातल्या मुख्य भूमिका काय आहेत, त्या कुठे एकमेकींना छेद देतात आणि काय अजून सुटलेले नाही, हे झाशीच्या पाणीपुरवठ्याचे उदाहरण धरून पाहू.

पार्श्वभूमी

प्रश्न जुना आहे, आणि झाशीच्या संदर्भात तो मराठी इतिहासालाही परका नाही. अठराव्या शतकात नारो शंकर झाशीचे सुभेदार होते तेव्हा पुण्यातल्या पेशव्यांपुढेही हीच अडचण होती. शेकडो मैलांवरचा सुभेदार वसूल किती करतो आणि कळवतो किती, हे ओळखायचे कसे? मराठा राज्यकारभारात यावर दरकदारांचा उपाय होता. फडणीस, मुजुमदार, चिटणीस यांसारखे अधिकारी सरकारातून नेमले जात. प्रांताच्या कारभाऱ्याला त्यांना परस्पर काढता येत नसे आणि हिशेबाच्या कागदांना त्यांचा हात लागल्याशिवाय ते पुरे होत नसत. कारभार करणारा हात आणि नोंद ठेवणारा हात वेगळे ठेवायचे, अशी ही रचना होती. तिचीही मर्यादा पुढे दिसली. पदे वंशपरंपरेने चालू लागली, तसे दरकदार स्वतःच एक हितसंबंधी वर्ग बनले.

आधुनिक मांडणी माक्स वेबरपासून सुरू होते. प्रशिक्षित नोकरशाहीपुढे राजकीय मालक हा तज्ज्ञापुढे उभ्या असलेल्या हौशी माणसासारखा असतो आणि माहिती गुप्त ठेवणे हे नोकरशाहीचे बळ असते, असे त्याचे निरीक्षण होते. १९७१ मध्ये विल्यम निस्कानेन यांनी त्याला अर्थशास्त्राची चौकट दिली. एखाद्या सेवेला खरा खर्च किती येतो हे फक्त खात्याला माहीत असते, म्हणून खाते गरजेपेक्षा मोठे अंदाजपत्रक मंजूर करून घेऊ शकते, असा त्यांचा दावा होता. पुढे पॅट्रिक डनलेव्ही यांनी त्याला मुरड घातली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना मोठ्या अंदाजपत्रकापेक्षा प्रतिष्ठेचे, धोरणाजवळचे काम हवे असते आणि ते आपले खाते त्या दृष्टीने घडवत जातात, असे त्यांनी दाखवले.

भारतात स्वातंत्र्यानंतर मुद्दाम असा समतोल स्वीकारला गेला की मंत्र्याला अधिकाऱ्यावर पूर्ण ताबा मिळू नये. संविधानातल्या कलम ३११ ने सरकारी सेवकांना मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिले आणि कलम ३१२ ने अखिल भारतीय सेवांना आधार दिला. ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत सरदार पटेल यांनी या सेवांची बाजू मांडली, तेव्हा मंत्र्याला न पटणारे मतही निर्भयपणे लिहिणारा सचिव हवा, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. अधिकाऱ्याची सुरक्षितता ही मंत्र्याला खरी माहिती मिळण्याची अट आहे, असा त्यामागचा विचार. हीच सुरक्षितता ताबा कमी करते, ही त्याची दुसरी बाजू.

ही दुसरी बाजू लवकरच पुढे आली. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न उपस्थित केला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली. व्यवहाराला आपली मंजुरी नव्हती, असा अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा पवित्रा होता. वित्त सचिव एच. एम. पटेल यांचे म्हणणे वेगळे होते. अधिकाऱ्याच्या कृतीमागे मंत्र्याला लपता येणार नाही, घटनात्मक जबाबदारी त्याचीच, असा छागलांचा निष्कर्ष होता आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. जबाबदारी मंत्र्याची हे तत्त्व ठरले. ती पेलण्याइतकी माहिती त्याच्याकडे कुठून यायची, हे मात्र ठरले नाही.

झाशीतली एक नळजोडणी

हा प्रश्न प्रत्यक्षात कसा दिसतो, ते आता जवळून पाहू. ३० जून २०२० रोजी मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी बुंदेलखंडातल्या 'हर घर जल' कामांची सुरुवात झाशी जिल्ह्यातून केली. केंद्राचे जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांत नळ होता. उत्तर प्रदेशात हे प्रमाण जेमतेम दोन टक्के होते. पाच-सहा वर्षांत देशाचा आकडा ८० टक्क्यांच्या आसपास गेला. हे काम मोठे आहे यात वाद नाही. वाद आहे तो या आकड्यातून मंत्र्याला नेमके काय कळते, याबद्दल.

मिशनच्या व्याख्येत 'कार्यरत' नळजोडणी म्हणजे नुसती तोटी नव्हे. माणशी रोज किमान ५५ लिटर, ठरलेल्या दर्जाचे आणि नियमितपणे येणारे पाणी ही तिची अट आहे. बुंदेलखंडात ती पाळणे अवघड आहे, कारण जमिनीखाली कठीण ग्रॅनाइट आहे. पावसाळ्यानंतर भरलेल्या विहिरी आणि हातपंप मे महिन्यात तळ गाठतात. म्हणून इथे अनेक गावांना मिळून धरणाचे किंवा नदीचे पाणी देणाऱ्या समूह योजना आखल्या गेल्या. पाणी उचलायचे, शुद्धीकरण केंद्रात न्यायचे, तिथून गावागावांच्या टाक्यांत आणि मग घरी. अशा योजनेत टाकीजवळच्या घराला भरपूर पाणी आणि जलवाहिनीच्या टोकाच्या गावाला थेंबभर, असे होऊ शकते. दोन्ही घरांत तोटी मात्र सारखीच असते.

आता एका जोडणीची नोंद कशी वर जाते ते पाहा. ठेकेदार पाइप टाकतो आणि तोटी बसवतो. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत काम नोंदवतो. त्रयस्थ तपासणी संस्था ते पाहून प्रमाणित करते, मग बिल निघते. घराची नोंद मिशनच्या संगणक प्रणालीत चढते. गावातली सगळी घरे झाली की खाते गावाला 'हर घर जल' म्हणून कळवते. त्यानंतर ग्रामसभेने ठराव करून दुजोरा दिला की गाव 'प्रमाणित' होते.

या साखळीत मोजमाप पुस्तिका पाइपची लांबी आणि व्यास सांगते, पाण्याचा दाब सांगत नाही. त्रयस्थ तपासणी संस्था कागदोपत्री बाहेरची असते, पण तिची नेमणूक आणि तिचे पैसे राज्याच्या यंत्रणेकडूनच येतात. प्रणालीतली नोंद एका दिवसाची असते. जानेवारीत वाहणारा नळ मे महिन्यात कोरडा पडला तरी ती नोंद आपोआप बदलत नाही. खोटे कुणीच लिहिलेले नसते. प्रत्येक जण आपल्या पातळीवर जे मोजायला सांगितले ते मोजतो, आणि वर पोचतो तो आकडा 'पाणी आले' असा वाचला जातो, जरी त्याचा खरा अर्थ 'तोटी बसली' एवढाच असला.

फरक किती पडतो याचा अंदाज केंद्राने करवून घेतलेल्या २०२२ च्या कार्यक्षमता पाहणीतून येतो. पाहणीतल्या ८६ टक्के घरांचे नळ चालू होते. प्रमाण, दर्जा आणि नियमितता या तिन्ही कसोट्या लावल्यावर पूर्ण कार्यरत जोडण्या सुमारे ६२ टक्के निघाल्या. ही पाहणी झाली नसती तर हा फरक वर दिसलाच नसता.

असाच अनुभव महाराष्ट्राने सिंचनात घेतला. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीनुसार दशकभरात सिंचित क्षेत्राचा वाटा जवळजवळ जागच्या जागी होता, आणि नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेत जलसंपदा खात्याने वेगळे चित्र मांडले. एकीकडे प्रत्यक्ष भिजलेली जमीन मोजली जात होती, दुसरीकडे निर्माण झालेली क्षमता. दोन्ही आकडे सरकारीच होते आणि कोणता धरायचा हे सांगणारी तिसरी यंत्रणा मंत्रिमंडळाजवळ नव्हती.

पहिली भूमिका : देखरेख वाढवा

पहिल्या गटाचे म्हणणे सरळ आहे. दरी माहितीची असेल तर माहिती गोळा करा. १९८४ मध्ये मॅथ्यू मॅकबिन्स आणि थॉमस श्वार्ट्झ यांनी देखरेखीचे दोन प्रकार सांगितले. पहिला गस्तीचा, म्हणजे वरून स्वतः तपासणी करणे. दुसरा धोक्याच्या घंटेचा, म्हणजे ज्यांना झळ बसते त्यांना तक्रार करता येईल अशी सोय करून ठेवणे. राजकीय नेत्यांना घंटा परवडते, कारण तपासाचा खर्च दुसरा करतो.

झाशीत दोन्ही प्रकार आहेत. केंद्राची पथके आणि वरिष्ठांचे दौरे ही गस्त. ग्रामसभेचा ठराव, पाण्याची चाचणी करायला शिकवलेल्या गावातल्या पाच महिला आणि मुख्यमंत्र्यांची १०७६ ही मदतवाहिनी या घंटा. अडचण घंटेच्या तारेत आहे. मदतवाहिनीवरची तक्रार बहुतेक वेळा निपटाऱ्यासाठी खाली त्याच कार्यालयाकडे जाते आणि तिथून अहवाल वर येतो. तक्रारदाराला फोन करून विचारण्याची सोय आहे, पण तक्रार खरी की खोटी हे ठरवणारा पहिला कागद संबंधित खात्याचाच असतो.

ही अडचण टळते तेव्हा फरक पडतो, असे तेलंगणातला एक प्रयोग सांगतो. २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेचे धनादेश वाटताना काही भागांतल्या अधिकाऱ्यांना आधीच सांगितले गेले की लाभार्थी शेतकऱ्यांना थेट फोन करून विचारले जाणार आहे. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे वाटप थोडे पण निश्चितपणे सुधारलेले आढळले, तेही नगण्य खर्चात. इथे माहिती खात्याच्या हातातून न जाता लाभार्थ्याकडून थेट आली होती.

याउलट उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग सावध करतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि रेचल ग्लेनर्स्टर यांनी आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ छापणारी यंत्रे वापरलेला उपक्रम अभ्यासला. सुरुवातीला हजेरी वाढली. पुढे आरोग्य प्रशासनाने 'सूट' दिलेले दिवस वाढत गेले आणि काही महिन्यांत फरक पुसला गेला. माहिती अचूक होती, पण तिच्यावर कारवाई करणाऱ्यालाच ती नको होती.

दुसरी भूमिका : नेमणूक आणि बदली

दुसरा गट म्हणतो की मंत्र्याला सगळे कळण्याची गरज नाही. विश्वासू माणूस योग्य जागी असला की पुरे. भारतात बडतर्फी अवघड आणि पगार ठरलेला, त्यामुळे मंत्र्याच्या हाती उरते ती बदली. लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी यांनी भाप्रसे अधिकाऱ्यांच्या नेमणुकांचा अभ्यास केला तेव्हा एका जागेवरचा सरासरी काळ सुमारे सोळा महिने निघाला आणि नवा मुख्यमंत्री आला की बदलीची शक्यता वाढते असे दिसले. महत्त्वाच्या पदांकडे जाणाऱ्या दोन वाटाही त्यांना आढळल्या. एक कौशल्याची, दुसरी निष्ठेची.

या उपायाची किंमत रॉबर्ट वेड यांनी १९८२ मध्येच दाखवली होती. दक्षिण भारतातल्या कालव्यांवर अभियंत्यांच्या बदल्या कशा पैशांवर ठरतात आणि तो पैसा मग शेतकऱ्यांकडून कसा वसूल होतो, याचे त्यांनी तपशीलवार चित्रण केले. तिथे बदली हे ताबा ठेवण्याचे साधन राहत नाही, ते वसुलीचे होते. शिवाय दीड वर्षात बदलणाऱ्या अधिकाऱ्याला समूह योजनेतल्या टोकाच्या गावाचा एक पूर्ण उन्हाळाही नीट पाहायला मिळत नाही.

म्हणून उलट दिशेनेही उपाय झाले. महाराष्ट्राने २००५ मध्ये बदल्यांचे विनियमन करणारा कायदा केला. सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कार्यकाल ठेवला आणि मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावे असे बंधन घातले. ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निश्चित कार्यकाल, नागरी सेवा मंडळ आणि तोंडी आदेशांची लेखी नोंद यांचे निर्देश दिले. या उपायांवरचा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे. बदलीचा अधिकार बांधून टाकला तर निवडून आलेल्या सरकारजवळ उरते काय, असे विचारणाऱ्यांचा मुद्दा लोकशाहीचाच आहे.

तिसरी भूमिका : अधिक मोकळीक द्या

तिसरा गट मूळ गृहीतकालाच हात घालतो. करणारा नेहमी चुकारच असतो हे कशावरून? जॉन ब्रेम आणि स्कॉट गेट्स यांनी अमेरिकी नोकरशाहीच्या अभ्यासातून दाखवले की बहुतेक कर्मचारी काम करतात ते कामाची चाड आणि सहकाऱ्यांचा प्रभाव यांमुळे. देखरेखीचा वाटा त्यात लहान असतो. नायजेरियातल्या हजारो सरकारी प्रकल्पांवरच्या इम्रान रसूल आणि डॅनियल रॉजर यांच्या अभ्यासात अधिकाऱ्यांना जास्त मोकळीक असलेल्या ठिकाणी प्रकल्प जास्त पूर्ण झाले. कडक देखरेख आणि बक्षिसांच्या जागी कमी.

पाकिस्तानी पंजाबातला प्रयोग यात एक महत्त्वाचा बारकावा जोडतो. ओरियाना बांदिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांना अधिक स्वातंत्र्य दिले तेव्हा खरेदीच्या किमती उतरल्या. सर्वात जास्त उतरल्या त्या जिथे हिशेब तपासणारा अधिकारीच बिले अडवून ठेवत असे तिथे. म्हणजे मोकळीक द्यावी की देखरेख, याचे उत्तर करणारा आणि तपासणारा यांपैकी अधिक अडचण कुणाची, यावर अवलंबून आहे.

या भूमिकेची मर्यादा झाशीत दिसते. टोकाच्या गावात टँकर लावायचा की झडप फिरवून दाब वाटून द्यायचा, हे स्थानिक अभियंताच चांगले ठरवू शकतो. पण मोकळीक दिलेल्याने ती कशी वापरली हे कळण्यासाठी पुन्हा माहितीच लागते.

चौथी भूमिका : सोपवणारा तरी एक आहे का?

अलीकडचे अभ्यासक नजर वरच्या टोकाकडे वळवतात. एका कार्यकारी अभियंत्यावर राज्याचा मंत्री, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, आमदार, खासदार आणि केंद्राची पथके असे अनेक जण हक्क सांगतात. साद गुलझार आणि बेंजामिन पास्क्वाले यांनी रोजगार हमीच्या कामांची तुलना केली. जो तालुका एकाच आमदाराच्या मतदारसंघात येतो तिथे काम चांगले होते. तोच अनेकांत विभागला की घसरते. श्रेय आणि दोष वाटले गेले की लक्ष देण्याचे कारण उरत नाही.

याहून अवघड मुद्दा असा की सोपवणाऱ्याला नेहमी सगळे कळायला हवेच असते असे नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांनुसार तोंडी आदेशाला लेखी दुजोरा मिळायला हवा. तरीही तोंडी आदेश टिकून राहिले, कारण नोंद नसेल तर जबाबदारीही नसते. आकडा चांगला दिसतो तोवर तो खोदून पाहण्यात मंत्र्याला राजकीय लाभ थोडा आणि धोका बराच असतो. अशा वेळी माहितीची दरी दोन्ही बाजूंच्या सोयीची ठरते आणि ती बुजवण्याची मागणी तिसऱ्याकडूनच, म्हणजे विधिमंडळ, महालेखापरीक्षक, माहिती अधिकार वापरणारा नागरिक किंवा ग्रामसभा यांच्याकडून यावी लागते.

काय सुटलेले नाही

चारही भूमिकांत एका गोष्टीवर बरेच एकमत दिसते. माहिती किती आहे यापेक्षा ती कोणाच्या हातून तयार होते हे जास्त महत्त्वाचे. दरकदारांपासून तेलंगणातल्या फोनपर्यंत जिथे फरक पडला तिथे नोंद ठेवणारा हात करणाऱ्या हातापासून वेगळा होता.

पण तीन प्रश्न उघडे आहेत. पहिला, वेगळा हात किती काळ वेगळा राहतो? दरकदार वंशपरंपरेने रुजले, तपासणी संस्था नेमणाऱ्यावर अवलंबून राहतात आणि ग्रामसभेचा ठराव पंचायत सचिवाच्या कपाटात तयार होऊ शकतो. दुसरा, जे मोजले जाते तेच काम होऊन बसते. तोट्या मोजल्या की तोट्या बसतात. दाब मोजू लागलो तर तपासणीच्या दिवशी दाब वाढेल, आणि हे कसे टाळायचे यावर समाधानकारक उत्तर नाही. तिसरा, मंत्र्याजवळ स्वतःची, खात्याबाहेरची तज्ज्ञता किती असावी? ती नसली तर तो खात्याच्या टिपणीवर चालतो. फार वाढवली तर कार्यालयातले खास लोक निर्भयपणे लिहिणाऱ्या सचिवाची जागा घेतात आणि सरदार पटेलांनी मांडलेला समतोल ढळतो.

पहिल्या दोन प्रश्नांची तपासणी झाशीत शक्य आहे. खात्याने कळवलेली गावे आणि ग्रामसभेने प्रमाणित केलेली गावे यांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या जातात. त्या ताडून, एकाच समूह योजनेतल्या टाकीजवळच्या आणि टोकाच्या गावांत मे आणि ऑक्टोबर अशा दोन्ही महिन्यांत पाणी मोजले, आणि ते मोजणाऱ्याची नेमणूक पाणीपुरवठा खात्याबाहेरून झाली, तर आकडा आणि नळ यांच्यातले अंतर नेमके कोणत्या पायरीवर पडते हे सांगता येईल. जल जीवन मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे आणि पुढचा भर देखभालीवर असणार आहे. जोडण्या मोजण्याचा काळ संपत येताना हे अंतर मोजण्याची वेळ निघून जाऊ नये.